छेदात काय आहे ते आधी बघा

रामू एक काम एकट्याने १२ दिवसांत करतो, शामू तेच काम १८ दिवसांत. दोघे आळीपाळीने एकेक दिवस कामाला येतात आणि पहिला दिवस रामूचा आहे. काम किती दिवसांत संपेल?

तयारी केलेला उमेदवार इथे पेनही उचलत नाही. १२ गुणिले १८ म्हणजे २१६, भागिले ३०, आले ७.२. दोघे एकत्र असते तर ७.२ दिवस लागले असते. आळीपाळीने येतात म्हणून त्याची दुप्पट, १४.४. पर्यायांत १४.४ छापलेलं असतंच, कारण पेपर काढणाऱ्यालाही हा शॉर्टकट येतो आणि उमेदवार तो कुठे वापरून फसेल हेही त्याला ठाऊक असतं. खरं उत्तर आहे १४ पूर्णांक एक तृतीयांश दिवस. पहिला दिवस शामूचा असता, तर तेच उत्तर साडेचौदा झालं असतं.

शॉर्टकट वापरूच नयेत, असं म्हणणं सोपं आहे, पण ते परीक्षा न दिलेल्या माणसाचं म्हणणं आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेत पहिल्या टप्प्याला ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ३६ सेकंद, आणि चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जातात. एवढ्या वेळात ‘क्ष मानू’ म्हणत बसता येत नाही. तेव्हा शॉर्टकट हवेतच. फक्त प्रत्येक शॉर्टकटच्या पोटात एक गृहीतक दडलेलं असतं. ते माहीत असेल तर तो कुठवर चालेल हे दोन सेकंदांत कळतं.

काळ-कामाच्या गणितात सगळ्यात भरवशाची रीत लसाविची. काम किती आहे हे प्रश्नात दिलेलं नसतं, म्हणून ते आपणच ठरवायचं, आणि भाग पूर्ण जाईल असं ठरवायचं. १२ आणि १८ यांचा लसावि ३६. समजा, ३६ विटा रचायच्या आहेत. रामू १२ दिवसांत रचतो, म्हणजे रोज ३. शामू १८ दिवसांत, म्हणजे रोज २. दोघे मिळून रोज ५. छत्तिसाला पाचाने भागलं की ७.२ दिवस. ‘गुणाकार भागिले बेरीज’ हे सूत्र म्हणजे याच कृतीची आवळलेली मोळी आहे, वेगळं काही नाही.

मोळी आवळली की आत काय आहे ते दिसेनासं होतं. तिसरा माणूस आला की ते लक्षात येतं. गणू हेच काम ३६ दिवसांत करतो असं धरा. पुष्कळ मुलं सूत्र तसंच ताणतात: तिघांचा गुणाकार, भागिले तिघांची बेरीज. १२, १८ आणि ३६ यांचा गुणाकार ७,७७६, बेरीज ६६, आणि उत्तर येतं सुमारे ११८ दिवस. एकटा रामू १२ दिवसांत करत होता, आता मदतीला दोघे आले तर चार महिने! विटांच्या रीतीने बघा: रोज ३, २ आणि १, मिळून ६ विटा, म्हणजे ६ दिवस. सूत्र ताणणाऱ्याने एककाकडे पाहिलं असतं तरी चूक कळली असती. तीन ‘दिवसां’चा गुणाकार घन-दिवस होतो, त्याला एकदाच ‘दिवसां’नी भागलं तर उरतात वर्ग-दिवस, आणि वर्ग-दिवसांत कुणी काम करत नाही. एवढा विचार सुचला नाही, तर साधी चाळणी लावावी: सगळे मिळून काम करतात तेव्हा उत्तर सर्वांत वेगवान माणसाच्या दिवसांपेक्षा कमीच आलं पाहिजे.

आता आळीपाळीचा प्रश्न. दोन दिवसांची एक फेरी धरली तर फेरीत ५ विटा होतात. सात फेऱ्यांत, म्हणजे १४ दिवसांत, ३५ विटा झाल्या आणि एक उरली. पंधराव्या दिवशी पाळी रामूची. तो दिवसाला ३ रचतो, म्हणून उरलेल्या एकीला त्याला एक तृतीयांश दिवस लागतो. सुरुवात शामूने केली असती तर पंधराव्या दिवशी शामू आला असता आणि त्याला अर्धा दिवस लागला असता. दुप्पट करण्याच्या शॉर्टकटने त्या शेवटच्या तुकड्यात दोघांचा सरासरी वेग धरला, पण तिथे सरासरी नावाचा कुणी कामाला येतच नाही. तिथे एक तर रामू असतो, नाहीतर शामू. काम फेऱ्यांमध्ये पूर्ण बसलं, काही उरलं नाही, तर मात्र दुप्पट बरोबर येते. शॉर्टकटची मर्यादा नेमकी इथे आहे: बाकी शून्य असेल तर चालतो, नसेल तर नाही.

याच जोडीचा आणखी एक प्रकार परीक्षेत वारंवार येतो. दोघांनी काम एकत्र सुरू केलं, पण ‘काम संपायच्या ३ दिवस आधी’ रामू निघून गेला. इथे एकूण दिवस माहीत नाहीत, म्हणून मुलं समीकरण मांडायला जातात. त्याची गरज नाही. रामूला शेवटपर्यंत थांबवून ठेवा. त्या ३ दिवसांत त्याने ९ विटा जास्तीच्या रचल्या असत्या. म्हणजे ३६ ऐवजी ४५ विटांचं काम दोघांनी रोज ५ प्रमाणे केलं, आणि एकूण ९ दिवस लागले. ताळा करून बघा: शामूचे ९ दिवस म्हणजे १८ विटा, रामूचे ६ दिवस म्हणजे १८, बेरीज ३६. मात्र प्रश्नात ‘३ दिवसांनंतर रामू गेला’ असं असेल तर ही युक्ती बाजूला ठेवायची. तीन दिवसांत १५ विटा झाल्या, २१ उरल्या आणि त्या शामू एकटा साडेदहा दिवसांत रचेल. ‘अजून किती’ विचारलं असेल तर उत्तर साडेदहा, ‘एकूण किती’ विचारलं असेल तर साडेतेरा. पर्यायांत दोन्ही असतात. हे गणितातलं कौशल्य नाही, वाचण्यातलं आहे, पण माझ्या मते या प्रकरणातले निम्मे गुण इथेच सांडतात.

नळ आणि टाकीची गणितं हीच. फक्त गळती ऋण धरायची. टाकी १० तासांत रिकामी करणारी तळाची गळती दिली असेल तर पेपरापुरतं अर्धी टाकी ५ तासांत रिकामी होते. घरच्या टाकीवर हा हिशोब करायला गेलात तर तो चुकेल. भोकातून पाणी किती वेगाने बाहेर पडतं ते वर किती पाणी आहे यावर ठरतं. इटलीच्या टोरिचेलीने सतराव्या शतकात दाखवलं की हा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. पाणी एक चतुर्थांशावर आलं की वेग निम्मा होतो. म्हणून सरळ भिंतींची टाकी तळाच्या भोकातून १० तासांत रिकामी होत असेल, तर वरची अर्धी साधारण ३ तासांतच जाते आणि खालची अर्धी ७ तास रेंगाळते. परीक्षेतली सगळी काळ-कामं ‘वेग बदलत नाही’ या एका गृहीतकावर उभी आहेत. रामू थकत नाही आणि भोकाला पाण्याची उंची कळत नाही.

ही गणितं काही कोचिंग क्लासने शोधलेली नाहीत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इ. स. ११५०च्या सुमारास, चार झरे एक कुंड भरतात. एकटा सोडला तर एक झरा ते दिवसभरात भरतो, दुसरा अर्ध्या दिवसात, तिसरा एक तृतीयांश आणि चौथा एक षष्ठांश दिवसात. चारही एकदम सोडले तर? दिवसाला १, २, ३ आणि ६ कुंडं, एकूण १२, म्हणून एक कुंड दिवसाच्या बाराव्या भागात भरतं. भास्कराचार्यांच्या घराण्याची हकिगत कोरलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. तेव्हा या गणितांना आपल्याकडे साडेआठशे वर्षांहून जुना पत्ता आहे, असं म्हणायला हरकत नाही.

त्याच ग्रंथात सुवर्णगणिताचा भाग आहे आणि आजच्या मिश्रणाच्या शॉर्टकटचं मूळ तिथे सापडतं. १६ कसाचं आणि १० कसाचं सोनं एकत्र आटवून १२ कसाचं करायचं आहे, तर कोणतं किती घ्यायचं? हव्या असलेल्या कसापासून दोन्ही कस किती दूर आहेत ते काढायचं: १६ आणि १२ मध्ये ४, १२ आणि १० मध्ये २. मग ही अंतरं अदलाबदल करून द्यायची. १६ कसाच्या वाट्याला २, १० कसाच्या वाट्याला ४, म्हणजे एकास दोन. क्लासमध्ये हेच फुली काढून शिकवतात आणि त्याला ॲलिगेशन म्हणतात.

अदलाबदल का करायची? कारण मधल्या किमतीच्या दोन्ही बाजूंचा तोल सारखा राहायला हवा. १६ कसाचं एक तोळा सोनं मधल्या कसाच्या ४ वर आहे. १० कसाचं प्रत्येक तोळा २ खाली आहे, म्हणून वरचे ४ खाली आणायला खालचे दोन तोळे लागतात. हे समजलं की ‘कोणता आकडा कोणाचा’ हा गोंधळ होत नाही. शिवाय उत्तर नजरेनेही पडताळता येतं: १२ हा १०च्या जवळ आहे, तेव्हा १० कसाचं सोनंच जास्त लागणार. ४० रुपये आणि ५५ रुपये किलोचे तांदूळ मिसळून ४६ रुपये किलो पडायला हवेत, तर अंतरं ६ आणि ९, अदलाबदल करून स्वस्त तांदूळ ९ भाग, महाग ६ भाग, म्हणजे तिनास दोन. प्रश्नात ‘मिश्रण ५०.६० रुपयांना विकून १० टक्के नफा झाला’ असं असेल, तर ५०.६० फुलीत घालायचे नाहीत. फुलीत तिन्ही खरेदीच्या किमती लागतात. आधी १.१ ने भागून ४६ काढायचे आणि मग पुढे जायचं.

आता या रीतीची जी मर्यादा फार कमी ठिकाणी समजावून सांगतात, तिच्याकडे येऊ. एक गाडी काही अंतर ताशी ४० किलोमीटरने गेली, उरलेलं ताशी ६० ने, आणि सरासरी वेग ४८ आला. दोन अंतरांचं प्रमाण किती? फुली घाला: अंतरं ८ आणि १२, अदलाबदल करून १२ आणि ८, तिनास दोन. बहुतेक जण हेच उत्तर लिहून मोकळे होतात. पण तिनास दोन हे अंतरांचं प्रमाण नाही, वेळेचं आहे. गाडी ३ तास ४० ने गेली म्हणजे १२० किलोमीटर, २ तास ६० ने गेली म्हणजे तेही १२० किलोमीटर. अंतरं सारखी आहेत! उत्तर एकास एक.

असं का झालं? फुलीतून येणारं प्रमाण नेहमी छेदातल्या वस्तूचं असतं. तांदळाचा भाव रुपये दर किलो, छेदात किलो, म्हणून प्रमाण किलोंचं. वेग किलोमीटर दर तास, छेदात तास, म्हणून प्रमाण तासांचं. नफ्याची टक्केवारी खरेदीवर काढतात, छेदात खरेदी, म्हणून प्रमाण खरेदीच्या रकमेचं. फुली काढण्याआधी ‘दर कशाला?’ एवढं एकदा मनात म्हणायचं. त्याला एक सेकंद लागतो, आणि या प्रकरणातला सगळ्यात महाग सापळा तिथेच निकामी होतो.

दूध-पाण्याच्या भांड्यांतही छेदच घात करतो. एका भांड्यात दूध आणि पाणी ३:२ आहे, दुसऱ्यात ४:१. दोन्हींतून सारखं मिश्रण घेऊन एकत्र केलं. मुलं ३ आणि ४ मिळवतात, २ आणि १ मिळवतात आणि ७:३ लिहितात. उत्तर बरोबर आहे! पण बरोबर आलं ते योगायोगाने, कारण दोन्ही भांड्यांत एकूण भाग पाचच होते. दुसऱ्या भांड्यात २:१ ठेवून बघा. तशीच बेरीज केली तर ५:३ येतं. प्रत्यक्षात पहिल्या भांड्यात दूध तीन पंचमांश, दुसऱ्यात दोन तृतीयांश. छेद १५ केला तर ९ आणि १०. सारखं मिश्रण घेतलं तर ३० भागांत १९ दूध आणि ११ पाणी. ५:३ हे उत्तर पहिल्यातून ५ लिटर आणि दुसऱ्यातून ३ लिटर घेतले असते तर बरोबर ठरलं असतं. सरावात एखादी चुकीची रीत दोनदा योगायोगाने बरोबर आली की ती हातात बसते आणि मग सुटता सुटत नाही. म्हणून सरावाची पत्रिका तयार करताना जिथे चुकीची रीतही बरोबर उत्तर देते असे प्रश्न मी आधी बाजूला काढतो.

उरला काढण्या-घालण्याचा प्रकार. ४० लिटर दुधातून ४ लिटर काढून तितकंच पाणी घातलं, असं तीनदा केलं. दर वेळी दहावा भाग जातो म्हणून तीनदा मिळून १२ लिटर गेलं, २८ उरलं, हे चूक आहे. दुसऱ्या वेळी जे ४ लिटर निघाले त्यात पाणीही होतं. दर वेळी असलेल्या दुधाचे नऊ दशांश उरतात: ४० चे ३६, ३६ चे ३२.४, आणि शेवटी २९.१६ लिटर. हा शॉर्टकट जितकं काढलं तितकंच घातलं असेल, तेव्हाच सरळ चालतो. शिवाय तो फक्त त्या पदार्थाचा माग ठेवतो, जो पुन्हा घातला जात नाही. पाण्याचा हिशोब हवा असेल तर एकूणातून दूध वजा करा, सूत्रात पाणी घालू नका. आणि भांड्यात सुरुवातीलाच ३० लिटर दूध आणि १० लिटर पाणी असेल, तर नऊ दशांश ३० चे घ्यायचे, ४० चे नाहीत.

मिश्रणाच्या गणितांचंही एक गृहीतक आहे: एक लिटर अधिक एक लिटर म्हणजे दोन लिटर. प्रयोगशाळेत ५० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल आणि ५० मिलिलिटर पाणी मिसळलं, तर १०० नाही, ९६-९७ मिलिलिटरच्या आसपास भरतं. वजन मात्र पुरतं जुळतं. सोन्याचा हिशोब वजनावर होता, म्हणून तो आटवण्याच्या मुशीतही खरा ठरतो.

आता तीन प्रश्न तुमच्यासाठी. शक्य असेल तर उत्तर वाचण्याआधी हातावेगळे करा.

पहिला: अ एक काम २० दिवसांत करतो, ब ३० दिवसांत. आळीपाळीने येतात, सुरुवात ब करतो. किती दिवस? दुसरा: एका व्यापाऱ्याने काही मालावर ८ टक्के नफा मिळवला, उरलेल्यावर ४ टक्के तोटा सोसला आणि एकूण ५ टक्के नफा झाला. एकूण विक्री ६,३०० रुपयांची. नफ्यात गेलेल्या मालाची खरेदी किती? तिसरा: ६० लिटर मिश्रणात दूध आणि पाणी २:१ आहे. किती लिटर मिश्रण काढून तितकंच पाणी घातलं तर दोन्ही सारखे होतील?

पहिल्यात ६० विटा, रोज ३ आणि २, फेरीत ५. बारा फेऱ्यांत काम पुरतं संपतं, बाकी शून्य. उत्तर २४ दिवस. इथे दुप्पट करण्याचा शॉर्टकट चालतो आणि सुरुवात कुणीही केली तरी फरक पडत नाही. दुसऱ्यात तोटा उणे ४ धरायचा. अंतरं ३ आणि ९, अदलाबदल करून तिनास एक, पण हे प्रमाण खरेदीचं आहे. ६,३०० तसेच वाटले तर ४,७२५ येतात आणि ते पर्यायांत असतीलच. आधी एकूण खरेदी काढली तर ६,०००, आणि तिचे तीन चतुर्थांश ४,५०० रुपये. ताळा: ४,५०० वर ३६० नफा, १,५०० वर ६० तोटा, निव्वळ ३००. तिसऱ्यात ‘पाणी १० लिटरने कमी आहे, म्हणून १० लिटर’ असं उत्तर देण्याचा मोह होतो. पण काढलेल्या मिश्रणात पाणीही जातं. दुधाचा माग ठेवा: दोन तृतीयांशाचं अर्ध्यावर यायचं, म्हणजे दुधाचे तीन चतुर्थांश उरले पाहिजेत. तेव्हा मिश्रणाचा एक चतुर्थांश भाग, १५ लिटर, काढायचा. उरलेल्या ४५ लिटरमध्ये ३० दूध आणि १५ पाणी, वरून १५ लिटर पाणी.